नावातील स्वर आणि व्यंजने: आत्मांक व व्यक्तिमत्त्वांक काढण्याची रीत, एका कोल्हापुरी नावासह

जन्मतारखेवरून मूलांक काढणे आता बहुतेकांना ठाऊक असते. तेवीस तारखेचा जन्म असेल तर दोन आणि तीन मिळून पाच, एवढे गणित चहाचा कप हातात धरूनही होते. नावाचे गणित मात्र इतके सरळ नसते. माझ्याकडे राजारामपुरीपासून कागलपर्यंतची मंडळी नावे घेऊन येतात, आणि एकाच माणसाच्या नावाचे दोन ठिकाणी काढलेले दोन वेगळे अंक माझ्यासमोर ठेवून ‘यातला खरा कोणता?’ असे विचारतात. बहुतेक वेळा बेरीज दोन्हीकडे बरोबर असते. फरक पडलेला असतो तो बेरीज सुरू होण्याआधीच, म्हणजे कोणते स्पेलिंग घेतले आणि कोणते अक्षर स्वर मानले या दोन ठिकाणी. म्हणून या लेखात मी सर्व अंकांचे फलित सांगत बसणार नाही. नावातून निघणारे दोनच अंक घेणार आहे आणि ते निर्दोष कसे काढावेत, हे एक नाव अक्षर अक्षर सोडवून दाखवणार आहे.

पहिला अंक नावातील फक्त स्वरांच्या बेरजेतून येतो. इंग्रजीत त्याला सोल अर्ज नंबर म्हणतात; मराठीत आत्मांक किंवा हृदयांक हे शब्द रूढ आहेत. माणसाला आतून काय हवे असते, हे या अंकावरून वाचण्याची परंपरा आहे. दुसरा अंक उरलेल्या व्यंजनांच्या बेरजेतून येतो. त्याला पर्सनॅलिटी नंबर किंवा व्यक्तिमत्त्वांक म्हणतात, आणि पहिल्या भेटीत लोकांना तो माणूस कसा वाटतो, हे त्यावरून सांगितले जाते. या विभागणीमागची कल्पना सुंदर आहे. स्वर हा कुणाच्या आधाराशिवाय उच्चारता येतो, तर व्यंजनाला उभे राहायला स्वराचा आधार लागतो, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. तेव्हा स्वर म्हणजे आतला श्वास आणि व्यंजन म्हणजे त्याला मिळालेला बाहेरचा आकार, अशी ही मांडणी मराठी माणसाला परकी वाटत नाही.

पहिली पायरी: नाव आणि त्याचे स्पेलिंग निश्चित करणे

या पद्धतीत जन्मानंतर ठेवलेले पूर्ण नाव घेतात. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. पाश्चात्त्य पद्धतीतील मधले नाव हे त्या व्यक्तीचेच दुसरे नाव असते, तर आपले मधले नाव वडिलांचे असते. तरीही ते नोंदलेल्या नावाचा भाग असल्यामुळे मी ते गणनेत धरतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत बाळाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. अशा बाळाच्या नावात आईच्या नावाची अक्षरेही धरावी लागतील, आणि त्यामुळे मोठ्या भावंडाच्या उदाहरणावरून धाकट्याचा अंक ताडता येणार नाही.

आडनाव आधी लिहिलेले असो वा शेवटी, बेरजेत काहीच बदल होत नाही, त्यामुळे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पुढे आहे म्हणून गोंधळून जाऊ नये. काळजी घ्यावी लागते ती स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर इंग्रजीतही नाव असेल तर तेच स्पेलिंग प्रमाण मानावे. जुन्या दाखल्यांवर अनेकदा नाव फक्त मराठीत असते. अशा वेळी शाळेच्या कागदपत्रांत सर्वांत आधी जे इंग्रजी स्पेलिंग आले असेल, ते घ्यावे. आधार कार्डावर वेगळे, बँकेच्या पासबुकावर वेगळे अशी स्थिती असेल, तर त्यातले सर्वांत जुने निवडावे. अंक आवडता यावा म्हणून स्पेलिंग निवडायचे असेल, तर गणना करण्यातच अर्थ राहत नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण मराठी नावांत एक अडचण ठायी ठायी येते. देवनागरीत आपण ‘भोसले’ असे एकाच रीतीने लिहितो. रोमन लिपीत मात्र कुणी BHOSLE लिहितो, कुणी BHOSALE. स मधला अ आपण बोलताना गिळतो, म्हणून पहिले स्पेलिंग कानाला धरून आहे; दुसरे लिहिलेल्या अक्षराला धरून आहे. दोन्ही चूक नाहीत. पण पहिल्यात स्वरांची बेरीज ११ येते आणि दुसऱ्यात १२. घाटगे, सायली, राजश्री अशा कितीतरी नावांत हा न उच्चारला जाणारा A एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

दुसरी पायरी: अक्षरांचे अंक

येथे वापरलेला तक्ता पायथागोरसच्या नावाने ओळखला जातो. A पासून I पर्यंत १ ते ९, मग J पासून पुन्हा १, आणि S पासून पुन्हा १, असा तो साधा क्रम आहे.

```
१ : A J S
२ : B K T
३ : C L U
४ : D M V
५ : E N W
६ : F O X
७ : G P Y
८ : H Q Z
९ : I R
```

हा तक्ता खुद्द पायथागोरसने बनवला, असे कुणी सांगितले तर ते मानू नये. J, U आणि W ही स्वतंत्र अक्षरे रोमन वर्णमालेत त्याच्यानंतर अनेक शतकांनी आली, त्यामुळे सव्वीस अक्षरांचा हा तक्ता त्या काळचा असूच शकत नाही. आजच्या रूपातली ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आकाराला आली. आपल्याकडे जो दुसरा तक्ता चालतो, तो खाल्डियन नावाचा. कीरो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या हस्तरेषातज्ज्ञामुळे तो भारतात घरोघरी पोहोचला. त्या तक्त्यात कुठल्याही अक्षराला ९ हा अंक दिलेला नाही आणि I ची किंमत ९ नसून १ आहे. दोन्ही तक्ते कागदावर शेजारी ठेवून नाव सोडवू नये. नवख्या माणसाचा हात नकळत एकातून दुसऱ्यात जातो आणि मग चूक सापडत नाही.

या तक्त्यातील स्वरांच्या किमती वेगळ्या पाठ करून ठेवाव्यात: A चा १, E चे ५, I चे ९, O चे ६ आणि U चे ३. जोडस्वर आला तर दोन्ही अक्षरे मोजायची. ‘गौरी’ मधील AU हा आपल्या कानाला एकच स्वर आहे, पण बेरजेत A चा १ आणि U चे ३ असे दोन्ही येतात. ‘शीतल’ SHEETAL असे लिहिले असेल तर दोन्ही E मोजायचे. व्यंजनांतही तेच: श लिहिण्यासाठी S आणि H ही दोन अक्षरे लागली, तर दोन्हींचे अंक धरायचे.

तिसरी पायरी: Y स्वर की व्यंजन

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून या अक्षरावर थोडे थांबणे आवश्यक आहे. इंग्रजी नावांसाठीचा नियम असा आहे की, नावाच्या ज्या उच्चारखंडात दुसरा स्वर नाही तेथे Y स्वर मानावा. मेरी या नावाच्या शेवटी ‘ई’ असा उच्चार होणारा Y हा स्वर आहे. काही जण आणखी पुढे जातात आणि A नंतर येऊन त्याच्याशी मिसळून जाणारा Y देखील स्वर धरतात. हा दुसरा नियम इंग्रजी उच्चारावर बेतलेला आहे, आणि तो विजय, संजय, उदय, विनय या नावांना लावला की गणित बिघडते.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक केली आहे. एका ओळखीच्या कुटुंबातील मुलीच्या नावात वडिलांच्या नावाचा शेवटचा Y मी स्वरात धरला आणि आत्मांक ११ काढून दिला. घरच्यांना फार आनंद झाला, कारण ११ हा विशेष अंक मानतात. काही महिन्यांनी त्याच मुलीच्या आजीने अंगणातून हाक मारली तेव्हा माझ्या लक्षात आले की, ‘विजयाऽ’ म्हणताना त्या माऊलीच्या तोंडात य हे अक्षर स्वच्छ, पूर्ण उमटत होते. तो स्वराचा शेपूट नव्हता. त्याला स्वतःचा आ लागत होता. ज्याला स्वर लागतो ते व्यंजन. मी त्या घरी जाऊन अंक दुरुस्त करून दिला.

तेव्हापासून मी एकच कसोटी वापरतो आणि नवख्या माणसाला तीच सुचवतो. नाव देवनागरीत लिहावे आणि प्रत्यय लावून पाहावा. ‘विजयने’, ‘विजयाचा’ यांत य दिसतो, म्हणून VIJAY मधला Y व्यंजन. ज्योती, आदित्य, योगेश, श्रेया, गायत्री या सर्व नावांत य आहे, म्हणून Y व्यंजन. पण घरात ‘पिंकी’ म्हणतात आणि कागदावर PINKY लिहिले आहे, तर ‘पिंकीने’ मध्ये य कुठेच नाही, तेथे दीर्घ ई आहे. म्हणून तो Y स्वर. मराठी नावांत ही दुसरी जात फार थोडी सापडते. W बद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. वाघमारे लिहिताना W वापरला तरी तो आपला व आहे आणि व्यंजनच आहे.

येथे आपल्याच परंपरेतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. संस्कृत ग्रंथांत संख्या शब्दांत गुंफण्यासाठी कटपयादी नावाची पद्धत होती. तिच्यात क, ट, प आणि य या अक्षरांपासून प्रत्येकी १ पासून मोजणी सुरू होते, आणि सुटा स्वर शून्य मानला जातो. तिचा हेतू वेगळा होता, भविष्य सांगण्याचा नव्हता. पण त्या पद्धतीतही य हे अंक धारण करणारे व्यंजनच आहे.

चौथी पायरी: नाव सोडवणे

उदाहरणासाठी मी ‘सायली विजय पाटील’ हे नाव जुळवले आहे. हे कुणा विशिष्ट मुलीचे नाव म्हणून घेतलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ही तिन्ही नावे इतकी सर्रास आढळतात, आणि वर सांगितलेल्या दोन्ही अडचणी या एकाच नावात आहेत, म्हणून ते निवडले. जन्मदाखल्यावर SAYALI VIJAY PATIL असे स्पेलिंग आहे असे धरू.

कोऱ्या कागदावर नाव मोठ्या अक्षरांत, अक्षरांमध्ये बोटभर जागा सोडून लिहावे. स्वरांचे अंक नावाच्या वर आणि व्यंजनांचे अंक नावाच्या खाली लिहावेत. ही साधी सवय लावून घेतली की कोणतेही अक्षर दोनदा मोजले जात नाही आणि कोणतेही सुटत नाही.

```
स्वर     :   १   १   ९     ९   १       १   ९
नाव      : S A Y A L I   V I J A Y   P A T I L
व्यंजन   : १   ७   ३     ४   १   ७   ७   २   ३
```

वरच्या ओळीची बेरीज करू. सायलीमधून १, १ आणि ९ मिळून ११ येतात. विजयमधून ९ आणि १ मिळून १०. पाटीलमधून १ आणि ९ मिळून १०. तिन्हींची बेरीज ३१, आणि ३ अधिक १ म्हणजे ४. या नावाचा आत्मांक ४.

खालच्या ओळीत सायलीचे १, ७ आणि ३ मिळून ११. विजयचे ४, १ आणि ७ मिळून १२. पाटीलचे ७, २ आणि ३ मिळून १२. एकूण ३५, आणि ३ अधिक ५ म्हणजे ८. व्यक्तिमत्त्वांक ८.

आता पडताळणी. सर्व अक्षरांची एकत्र बेरीज, म्हणजे नामांकाची बेरीज, ३१ आणि ३५ मिळून ६६ यायला हवी. ती स्वतंत्रपणे, स्वर-व्यंजन असा भेद न करता, डावीकडून उजवीकडे पुन्हा करून पाहावी. ६६ चे १२ आणि १२ चे ३ होतात. आत्मांक ४ आणि व्यक्तिमत्त्वांक ८ यांची बेरीजही १२, म्हणजे ३ च होते. हे जुळले नाही तर एखादे अक्षर राहिले आहे किंवा दोन्ही ओळींत गेले आहे, असे खुशाल समजावे. मात्र ही पडताळणी Y ची चूक पकडत नाही, कारण Y वरून खाली गेला तरी एकूण बेरीज तेवढीच राहते. वरच्या नावात विजयचा Y स्वर धरला असता तर स्वरांचे ३८, म्हणजे ११, आणि व्यंजनांचे २८, म्हणजे १ झाले असते. एकूण पुन्हा ६६ च. दोन्ही अंक चुकीचे आणि पडताळणी मात्र बिनचूक, असा हा प्रकार असतो.

आणखी एक युक्ती अनुभवाने हाताशी येते. नऊ मिळवल्याने अंतिम एकेरी अंक बदलत नाही. I ची किंमत ९ आहे, म्हणून एकेरी आत्मांक काढताना सगळे I सोडून दिले तरी चालते. सायली विजय पाटील या नावात I सोडले की फक्त चार A उरतात, आणि आत्मांक ४ येतो; एका दृष्टिक्षेपात उत्तर तपासता येते. मराठी नावांत A चा सुळसुळाट असल्यामुळे एखादा A वाढला किंवा गळला की आत्मांक लगेच एकाने सरकतो, हेही यावरून कळते. हीच मुलगी SAYLI असे लिहीत असती तर तीन A उरले असते आणि आत्मांक ३ आला असता, व्यक्तिमत्त्वांक मात्र ८ चा ८ च राहिला असता. SAYALEE लिहिले असते तर शेवटच्या I ऐवजी दोन E चे १० आले असते, आणि बेरीज ३२ म्हणजे ५ झाली असती. सायलीचा उच्चार तिन्हींत एकच आहे. स्पेलिंगची नोंद आधी पक्की करा, असे मी का म्हणतो ते या तीन आकड्यांतून दिसेल.

अकरा आणि बावीस कुठे थांबवायचे

बेरीज लहान करत जाताना ११ किंवा २२ आले तर ते पुढे मोडत नाहीत; त्यांना मास्टर नंबर म्हणतात. काही जण ३३ देखील त्यात धरतात. वादाचा भाग असा की, बेरीज करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतून एकेरी अंक नेहमी सारखाच आला, तरी ११ कधी दिसतो, कधी दिसत नाही. पहिल्या रीतीत सर्व स्वरांची सरळ एक बेरीज करतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक शब्दाची बेरीज आधी एकेरी करून मग त्या मिळवतात.

सायलीचेच लग्नानंतरचे नाव ‘सायली अमोल जाधव’, म्हणजे SAYALI AMOL JADHAV असे धरू. स्वरांचे अनुक्रमे ११, ७ आणि २ होतात. सरळ बेरीज २०, म्हणजे २. पण सायलीच्या ११ चे आधी २ केले, तर २, ७ आणि २ मिळून ११ होतात, आणि कुणी सांगेल की लग्नानंतर हिला मास्टर नंबर मिळाला. तीच अक्षरे, तोच तक्ता. म्हणून मी सरळ बेरजेतून ११ किंवा २२ आला तरच तो मान्य करतो, आणि एका शब्दाच्या आत आलेल्या ११ ला वेगळे महत्त्व देत नाही. दुसरी रीत पाळणारेही जाणकार आहेत. तिच्यात दोष नाही, पण एका नावाला एक आणि दुसऱ्याला दुसरी रीत लावू नये.

या विवाहोत्तर नावाची व्यंजने पाहिली तर ११, ७ आणि १७ मिळून पुन्हा ३५ येतात, म्हणजे व्यक्तिमत्त्वांक योगायोगाने ८ च राहतो. अशी नावे क्वचित मिळतात. लग्नानंतरच्या नावाचे अंक मी जन्मनावाच्या खाली वेगळ्या ओळीत लिहितो. ते आयुष्याच्या नव्या टप्प्यातील छटा म्हणून वाचायचे असतात. मूळ अंक जन्मनावाचेच मानतात.

दोन्ही अंक एकत्र वाचणे

पायथागोरीय पद्धतीत १ हा पुढाकाराचा आणि स्वतंत्र वृत्तीचा अंक आहे, २ साथीचा आणि समेटाचा, ३ बोलण्याचा व कलेचा, ४ शिस्तीचा, ५ बदलाचा व प्रवासाचा, ६ घराचा आणि जबाबदारीचा, ७ एकांताचा व शोधाचा, ८ अधिकाराचा आणि पैशाच्या व्यवहाराचा, तर ९ करुणेचा. एवढी ओळख सुरुवातीला पुरेशी आहे.

आत्मांक ४ असलेल्या सायलीला आतून काय हवे असते? ठरलेली वेळ, नेमलेली जागा, हिशेब लागलेला महिना. अंग मोडून काम करायची तिची तयारी असते, पण उद्या काय होणार हे आज माहीत असावे, अशी तिची ओढ असते. व्यक्तिमत्त्वांक ८ मुळे पाहणाऱ्याला मात्र ती धाडसी, हुकूम देणारी, मोठ्या उलाढालीची वाटते. दोन्ही अंक एकत्र वाचण्याची गंमत या अंतरात आहे. महाद्वार रोडवरच्या एखाद्या कापडाच्या दुकानात अशी मुलगी गल्ल्यावर बसली, तर मालक तिला दुसरी शाखा उघडायला सांगेल, कारण तिचा रुबाब तसा दिसतो. तिला स्वतःला मात्र याच शाखेचा साठा दर शनिवारी नीट मोजला जावा, एवढेच हवे असेल. आत्मांक आणि व्यक्तिमत्त्वांक सारखे आले, तर माणूस दिसतो तसाच असतो असे म्हणतात. ते जितके लांब, तितके त्या माणसाबद्दल पहिल्या भेटीत गैरसमज होण्याची शक्यता जास्त, असे वाचन करतात.

असे अंक सांगितले की आपल्याकडे हटकून एक प्रश्न येतो. अशाच एका मुलीच्या आईने कागद पाहताच माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, “अहो काका, चार म्हणजे राहू आणि आठ म्हणजे शनी. दोन्ही एकदमच का आले हो माझ्या पोरीच्या नावात?” त्यांची भीती खरी होती, म्हणून मी तिला हसण्यावारी नेले नाही. मी सांगितले, “वहिनी, ग्रह अंकांना जोडण्याची रीत मुख्यतः मूलांकाची आहे, जन्मतारखेची. आपण मोजली ती अक्षरे, आणि तीही ज्या तक्त्याने मोजली त्यात राहू-शनी कुठेच नाहीत.” मग मी त्यांना सायलीच्या उदाहरणावर दाखवले की, ग्रह जोडणाऱ्यांत चालणाऱ्या खाल्डियन तक्त्याने ते नाव सोडवले तर A आणि I या दोन्हींची किंमत १ असल्यामुळे सात स्वरांचे सरळ ७ होतात. ग्रह ज्या पद्धतीतून घेतले त्या पद्धतीत या नावाचा आत्मांक चार येतच नाही, आणि चार ज्या पद्धतीत येतो तिथे त्याचा अर्थ शिस्त असा आहे. एका तक्त्याचा अंक आणि दुसऱ्या परंपरेचा ग्रह जोडून काढलेली भीती निराधार असते.

याच भीतीपोटी काही पालक नावात एक A वाढवून घेतात. सायलीच्या आईने तसे केले असते तर ४ चा ५ झाला असता, पण व्यंजनांचा ८ जागेवरच राहिला असता, कारण स्वर वाढवल्याने व्यक्तिमत्त्वांक हलत नाही. आणि या पद्धतीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे मूळ आत्मांक जन्मनावावरूनच निघतो, त्यामुळे नंतर घातलेले अक्षर तो पुसू शकत नाही. उलट आधार, पॅन, गुणपत्रिका आणि बँक या सगळीकडे स्पेलिंग जुळवण्यासाठी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्यापासून धावपळ करावी लागते. तो सल्ला मी कुणालाही देत नाही.

या अंकांनी माणसाचा स्वभाव किंवा भविष्य सिद्ध होते, असा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही, आणि स्पेलिंगमधल्या एका अक्षराने आत्मांक बदलतो हे आपण वर पाहिलेच. म्हणून लग्न जुळवणे, औषधोपचार, कर्ज, नोकरी सोडणे असे निर्णय या कागदावर घेऊ नयेत. माझ्या घरी हा कागद घेऊन बसलेली माणसे स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलू लागतात, त्यासाठी मी तो वापरतो. सायलीला ‘तुला आतून स्थैर्य हवे असते का?’ असे विचारावे आणि तिचे उत्तर ऐकावे. ती ‘नाही’ म्हणाली तर तिचे म्हणणे मान्य करावे. अंकाच्या बाजूने तिच्याशी वाद घालू नये.

कागदावर काय नोंदवावे

प्रत्येक नावासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर केवळ शेवटचा अंक न लिहिता पूर्ण बेरीजही लिहावी, म्हणजे ४ न लिहिता ३१/४ असे लिहावे, आणि ३५/८ असे लिहावे. पुढे कुणी वेगळा अंक घेऊन आले तर फरक कुठे पडला, हे या बेरजेवरून शोधता येते. त्यांची स्वरांची बेरीज ३० असेल तर एक A गळला आहे, म्हणजे त्यांनी SAYLI घेतले. ३८ असेल तर एक Y स्वरांत गेला आहे. २१ असेल तर त्यांनी वडिलांचे नाव किंवा आडनावच सोडले आहे, कारण विजय आणि पाटील या दोन्हींतले स्वर बरोबर १० चे आहेत. बेरीज एकदम ७ असेल तर तक्ता खाल्डियन होता. पानाच्या वरच्या कोपऱ्यात स्पेलिंग कोणत्या कागदावरून घेतले, तक्ता कोणता वापरला, बेरीज सरळ केली की शब्दवार, आणि प्रत्येक Y कुठे धरला, या चार गोष्टी शाईने लिहून ठेवाव्यात.